टोकनच्या नोंदींतून काढलेली प्रतीक्षेची सरासरी दर महिन्याला चुकते? आमच्या शाखेत सापडलेली कारणं आणि उपाय

ठाण्यात नौपाड्यातल्या एका बँक शाखेत मी ऑफिसर आहे. टोकन मशीनमधून निघणाऱ्या फाईलवरून दर महिन्याला एक तक्ता करायचं काम माझ्याकडे असतं: कुठल्या तासाला आणि कुठल्या काउंटरवर ग्राहकाला सरासरी किती मिनिटं थांबावं लागलं. तक्ता रीजनल ऑफिसला जातो आणि त्यावरूनच माणसं कुठे वाढवायची, कुठून काढायची हे ठरतं. हा तक्ता माझ्याकडून सलग काही महिने चुकत होता, आणि त्याचा त्रास चार नंबरच्या काउंटरवर बसणाऱ्या सहकारीला झाला. म्हणून नीट लिहून ठेवतोय.

लक्षण असं. चार नंबरची सरासरी प्रतीक्षा ३१ मिनिटं यायची, बाकी तिन्ही काउंटरची १७-१८ च्या आसपास. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनर येतात तेव्हा फरक वाढायचा. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची गर्दी असते, तेव्हा तर फारच. मॅनेजर साहेबांनी दोनदा तिला केबिनमध्ये बोलावून विचारलं की तुमच्याकडे इतका वेळ का लागतो. मी शेजारच्याच टेबलावर असतो, तिचं काम मला दिसतं. ती हळू नाही. तरी आकडा दर महिन्याला तोच.

आमच्याकडची मांडणी आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. काउंटर १ आणि २ रोखीचे, त्यांची टोकनं C ने सुरू होतात. काउंटर ३ आणि ४ सेवेचे, म्हणजे पासबुक, चेकबुक, केवायसी, पेन्शन. त्यांची टोकनं S ने सुरू होतात. ३ आणि ४ ला वेगळ्या रांगा नाहीत. S ची रांग एकच, जो मोकळा होईल तो पुढचं टोकन बोलावतो.

हे लक्षात घेतलं असतं तर मला संशय आधीच यायला हवा होता. रांग एकच असेल तर ३ आणि ४ ला येणारा माणूस साधारण सारखाच थांबलेला असणार. काउंटरवरचा कर्मचारी हळू असला तरी त्याचा परिणाम सगळ्या रांगेवर होतो, त्याच्या एकट्याच्या आकड्यावर नाही. एकाच रांगेवर चालणाऱ्या दोन काउंटरच्या प्रतीक्षेत १३ मिनिटांचा फरक दिसला, तर आधी नोंदी तपासा, माणूस नंतर.

पहिलं कारण: एका काउंटरवरून दुसरीकडे पाठवलेली टोकनं

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. त्या दिवसाची फाईल उघडली आणि फक्त काउंटर ४ चा फिल्टर लावला. ४८ टोकनं होती, त्यांतली १८ C ची. सेवेच्या काउंटरवर रोखीची टोकनं कशाला? कारण ती दोन नंबरवरून तिकडे पाठवलेली होती.

त्यातलं एक टोकन, C-047. मशीनच्या रोजच्या रिपोर्टमध्ये त्याची एकच ओळ होती: टोकन ११:०८:२० ला निघालं, ११:५१:१० ला बोलावलं, काउंटर ४. म्हणजे प्रतीक्षा ४२ मिनिटं ५० सेकंद, सगळी चार नंबरच्या नावावर. मग मशीनचा तपशीलवार लॉग काढला, ज्यात प्रत्येक बटण दाबल्याची वेगळी ओळ असते. त्यात त्याच टोकनच्या या ओळी होत्या:

```
03-11-2025 11:08:20  C-047  ISSUE
03-11-2025 11:26:05  C-047  CALL      2
03-11-2025 11:29:40  C-047  TRANSFER  4
03-11-2025 11:51:10  C-047  CALL      4
03-11-2025 11:58:30  C-047  END       4
```

आता गोष्ट उघड होते. आजोबा रोखीचं टोकन घेऊन १७ मिनिटं ४५ सेकंद थांबले. दोन नंबरवर टेलरने साडेतीन मिनिटं त्यांचं ऐकून घेतलं, हयातीचा दाखला बाकी आहे हे पाहिलं आणि टोकन चारकडे पाठवलं. तिथे ते २१ मिनिटं ३० सेकंद थांबले. चार नंबरची प्रतीक्षा एवढीच. पण रोजचा रिपोर्ट एका टोकनला एकच ओळ ठेवतो. टोकन पुढे पाठवलं की आधीची बोलावण्याची वेळ आणि आधीचा काउंटर पुसून त्यावर नवीन लिहितो, आणि निघण्याची वेळ मात्र पहिलीच राहते. म्हणून दोन नंबरपाशी थांबलेला वेळ आणि तिथे झालेलं कामसुद्धा चार नंबरची प्रतीक्षा म्हणून मोजलं जात होतं.

त्या दिवशीचा हिशेब असा बसला. थेट S टोकन घेऊन चार नंबरला आलेले ३० जण सरासरी १९ मिनिटं थांबले होते. पाठवलेल्या १८ टोकनांची सरासरी रिपोर्टप्रमाणे ४६ मिनिटं होती. दोन्ही मिळून २९ च्या वर. पाठवल्यापासून बोलावण्यापर्यंतच मोजलं, तर त्या १८ जणांची सरासरी २० मिनिटं निघाली आणि चार नंबरचा आकडा १९.४ वर आला. त्याच दिवशी तीन नंबरचा आकडा १८ होता. रांग एक, आकडे जवळजवळ एक. असंच असायला हवं होतं.

तुमच्याकडे हाच दोष आहे का हे पाहायला दोन मिनिटं पुरतात. ज्या काउंटरचा आकडा जास्त येतो, त्याचा फिल्टर लावा आणि टोकनचं पहिलं अक्षर बघा. त्या काउंटरच्या रांगेची नसलेली अक्षरं दिसली, तर रोजचा रिपोर्ट बाजूला ठेवा आणि तपशीलवार लॉग मागवा. लॉग बहुतेक वेळा ॲडमिनच्या लॉगिनमधून निघतो, शाखेच्या लॉगिनला दिसत नाही. आम्हाला तो मशीनची देखभाल करणाऱ्या माणसाकडून काढून घ्यावा लागला. ओळींची नावं तुमच्या मशीनमध्ये वेगळी असतील, पण टोकन निघणं, बोलावणं, पुढे पाठवणं आणि संपणं या चार गोष्टी लागतातच.

दुसरं कारण: अर्धा महिना गुपचूप गायब

पाठवलेल्या टोकनांचा हिशेब सुधारला तरी नोव्हेंबरचा पूर्ण आकडा जास्तच वाटत होता. मग एक साधी गोष्ट केली, जी खरं तर सगळ्यात आधी करायला हवी. टोकनं मोजली. मशीनप्रमाणे महिन्यात ५,४१० टोकनं निघाली होती. माझ्या सरासरीत होती २,२३६.

कारण तारखेत होतं. शाखेत नवीन पीसी आला होता आणि त्याची रिजन सेटिंग अमेरिकेची होती. तिथे महिना आधी आणि दिवस नंतर. फाईल डबलक्लिक करून उघडली की एक्सेल स्वतःच तारखा ओळखायला जातं. 03-11-2025 ला ते ११ मार्च समजतं. 13-11-2025 मध्ये तेरावा महिना नसल्यामुळे ती ओळ साधा मजकूर म्हणून तशीच राहते. मजकुरातून मजकूर वजा केला की `#VALUE!` येतं. आणि माझ्या आधीच्या कुणीतरी तक्ता नीट दिसावा म्हणून फॉर्म्युला `IFERROR` मध्ये गुंडाळून ठेवला होता, त्यामुळे चूक दिसायच्या ऐवजी रिकामा खण दिसायचा. सरासरी रिकाम्या खणांना मोजत नाही.

गंमत नाही, हे खरंच धोक्याचं आहे. १ ते १२ तारखेच्या नोंदी वाचतात, कारण चुकीचा महिना लागला तरी दोन्ही वेळा एकाच खोट्या दिवसावर पडतात आणि वजाबाकी बरोबर येते. १३ पासून पुढचे सगळे दिवस गळतात. नोव्हेंबरात सुट्ट्या आणि दुसरा-चौथा शनिवार वगळून आमचे २२ दिवस कामाचे होते. त्यांतले ८ उरले, आणि तेही नेमके पेन्शनचे, सर्वात गर्दीचे. महिन्याची सरासरी म्हणून आम्ही पहिल्या बारा दिवसांची गर्दी कळवत होतो.

ओळखायची खूण: वेळेच्या रकान्यात काही ओळी उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे दिसतात. डावीकडच्या मजकूर असतात. किंवा शेजारच्या खणात `=ISTEXT(A2)` टाकून खाली ओढा. पीसीची सेटिंग बदलून आजचा प्रश्न सुटेल, पण पुढच्या महिन्यात दुसऱ्या पीसीवर दुसरा कुणी फाईल उघडेल आणि तेच होईल. म्हणून मी सेटिंगवर अवलंबून राहणंच सोडलं.

फाईल डबलक्लिक करू नका. कोरी एक्सेल उघडा, Data मध्ये From Text/CSV घ्या, फाईल निवडा आणि Data Type Detection मध्ये Do not detect data types करून Load करा. आता सगळं मजकूर म्हणूनच येतं. रकान्यांना Column1 अशी नावं लागून तुमची मूळ शीर्षकं पहिल्या ओळीत आली असतील, तर ती ओळ काढून टाका. इथून पुढे A म्हणजे वेळ, B टोकन, C घटना, D काउंटर असं धरलंय. खरी वेळ E मध्ये आपण स्वतः बनवायची:

```
E2: =DATE(MID(A2,7,4),MID(A2,4,2),LEFT(A2,2))+TIMEVALUE(RIGHT(A2,8))
F2: =LEFT(A2,10)&" "&B2
```

हे दिवस-महिना-वर्ष आणि चोवीस तासांचं घड्याळ असेल तरच चालतं. तुमच्या फाईलमध्ये AM/PM असेल, तर शेवटचा भाग बदलावा लागेल. F चं काम टोकनला तारीख जोडण्याचं. टोकन रोज सकाळी पुन्हा ००१ पासून सुरू होतं, त्यामुळे नुसत्या C-047 वर जोड्या लावल्या तर सोमवारचे आजोबा मंगळवारच्या मावशींशी जोडले जातात.

आता F आणि मग E प्रमाणे सॉर्ट करा. सॉर्ट आधी, पुढचे फॉर्म्युले नंतर. वरच्या ओळीकडे बघणारे फॉर्म्युले टाकून मग सॉर्ट केलं तर संदर्भ विस्कटतात.

```
G2: =IF(AND(C2="CALL",F2=F1,OR(C1="ISSUE",C1="TRANSFER")),(E2-E1)*1440,"")
H2: =IF(G2="","",HOUR(E1))
```

G मध्ये प्रतीक्षेची मिनिटं येतात. एक्सेल वेळ दिवसाच्या हिश्शात ठेवतं, म्हणून १,४४० ने गुणायचं. बोलावण्याच्या ओळीच्या लगेच वर निघणं किंवा पाठवणं असेल तरच मोजायचं, ही अट महत्त्वाची आहे. ग्राहक लगेच उठला नाही तर टेलर पुन्हा बटण दाबतो आणि लॉगमध्ये दुसरी CALL ओळ पडते. तिच्या वर CALL च असल्यामुळे ती आपोआप रिकामी राहते. C-047 साठी या फॉर्म्युल्यातून दोन आकडे येतात, १७.७५ मिनिटं काउंटर २ ला आणि २१.५ मिनिटं काउंटर ४ ला.

मग पिव्होट: ओळींना H, रकान्यांना D, आणि आत G ची सरासरी. G मध्ये संख्या असलेल्याच ओळी घ्या. शेजारी G ची संख्यासुद्धा (Count) हवीच. चार वाजता काउंटर १ वर सरासरी २६ मिनिटं दिसली आणि तिथे महिनाभरात तीनच टोकनं असली, तर त्या आकड्यावरून काही ठरवू नये.

तास कुठला धरायचा

H मध्ये मी प्रतीक्षा सुरू झाल्याचा तास घेतलाय, बोलावल्याचा नाही. आधी आम्ही बोलावल्याचा घ्यायचो, आणि १ ते २ हा सगळ्यात वाईट तास दिसायचा. त्यावरून जेवणाची वेळ पुढे ढकलून पाहिली, काहीही फरक पडला नाही. नोंदी पाहिल्यावर कळलं की १ नंतर बोलावलेल्यांपैकी बरेच जण १२:१५ ते १२:५५ मध्ये आलेले असत. १२:५२ ला टोकन घेऊन १:३४ ला बोलावलेला माणूस ४२ मिनिटं थांबला, तो बारा वाजताच्या गर्दीचा माणूस. त्याला एक वाजताच्या खात्यात टाकलं की बारा वाजता माणूस कमी पडतोय हे झाकलं जातं. ग्राहकाला सांगायलाही हाच आकडा कामाचा: या वेळेला आलात तर साधारण इतकं थांबावं लागेल.

पूर्ण दिवसाची सरासरी काढताना तासांच्या सरासरींची पुन्हा सरासरी घेऊ नका. अकरा वाजता ६० जण प्रत्येकी सरासरी २४ मिनिटं थांबले आणि तीन वाजता १२ जण ६ मिनिटं. २४ आणि ६ ची सरासरी १५ येते. प्रत्यक्षात ७२ जण मिळून १,५१२ मिनिटं थांबले, म्हणजे माणशी २१. पिव्होटचा Grand Total टोकनांवरून काढलेला असतो, तो बरोबर असतो. हाताने टाकलेलं `AVERAGE` चुकतं.

निघून गेलेले

थांबून कंटाळून गेलेल्या माणसाचं काय करायचं यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. त्याला नंतर बोलावलं जातं, तो नसतो, टेलर गैरहजर नोंदवतो. त्याच्या नावावर जी मिनिटं पडतात ती त्याने थांबून काढलेली नाहीत, तो कधी गेला हे कुणालाच माहीत नाही. म्हणून मी गैरहजर टोकनं सरासरीतून वगळतो, त्यासाठी एक रकाना:

```
I2: =COUNTIFS(F:F,F2,C:C,"NOSHOW")
```

पिव्होटमध्ये I शून्य असलेलेच घ्यायचे. यात एक त्रुटी आहे: दोन नंबरला काम दाखवून चारकडे पाठवल्यावर निघून गेलेल्याची पहिली, खरी प्रतीक्षासुद्धा वगळली जाते. आमच्याकडे अशी टोकनं मोजकी असल्यामुळे मी ते चालवून घेतो.

पण वगळलेल्यांची संख्या तक्त्यात तासागणिक छापायलाच हवी, कारण सगळ्यात जास्त वैतागलेली माणसं तीच असतात. गर्दी वाढली आणि लोक निघून जायला लागले की सरासरी उलट चांगली दिसू शकते. दिवस संपेपर्यंत कधीच न बोलावलेल्यांची CALL ओळच नसते, तेही सरासरीत येत नाहीत. त्यांचा आकडा असा निघतो:

```
=COUNTIF(C:C,"ISSUE")+COUNTIF(C:C,"TRANSFER")-COUNT(G:G)
```

हा आकडा एखाद्या महिन्यात एकदम फुगला तर घड्याळं तपासा. टोकन देणारं मशीन आणि काउंटरचे पीसी यांची घड्याळं वेगळी असतील आणि मशीन दीड मिनिट पुढे असेल, तर सकाळी रांग नसताना बोलावण्याची वेळ निघण्याच्या आधीची पडते. सॉर्टमध्ये ओळी उलट्या होतात आणि त्या टोकनची प्रतीक्षा रिकामी राहते. दुपारची टोकनं मोजली जातात, पण प्रत्येकातून दीड मिनिट कापलं जातं. शाखा उघडल्यावरची पहिली पाच टोकनं पाहिली की हे लगेच दिसतं.

आता काय दिसतंय

सुधारलेल्या पद्धतीने पूर्ण नोव्हेंबरसाठी चार नंबरची प्रतीक्षा १६ मिनिटं निघाली, तीन नंबरची १५. मी सहकारीला आधी दाखवलं, मग मॅनेजर साहेबांना. C-047 च्या पाच ओळी कागदावर छापून नेल्या होत्या, दुसरं काही समजावून सांगावं लागलं नाही. साहेबांनी तिला त्याच दिवशी सांगितलं की आधीचा आकडा चुकीचा होता.

तक्त्यात मी एक बदलही केला. प्रतीक्षा आता रांगेप्रमाणे देतो, C आणि S. काउंटरप्रमाणे कामाचा वेळ, म्हणजे शेवटच्या CALL पासून END किंवा TRANSFER पर्यंतचा. काउंटरवर बसलेल्या माणसाच्या हातात तेवढाच असतो. रीजनल ऑफिसचा नमुना काउंटरप्रमाणे प्रतीक्षा मागतो म्हणून तो रकानाही भरतो, पण शेजारी पाठवून आलेल्या टोकनांची संख्या लिहितो.

ती १८ टोकनं कुठून आली हेही शोधलं. मशीनच्या स्क्रीनवर सगळ्यात वर रोखीचं बटण आहे. बरेच पेन्शनर काका-काकू तेच दाबतात, कारण त्यांच्या मनात पेन्शन म्हणजे पैसे. आम्ही हयातीच्या दाखल्यासाठी वेगळं बटण मागितलंय. तोपर्यंत पहिल्या आठवड्यात एक शिपाई मशीनपाशी उभा राहून काय काम आहे ते विचारतो.

एक गोष्ट या फाईलमधून कधीच निघणार नाही. आमच्याकडे सकाळी साडेनऊपासून माणसं शटरबाहेर उभी असतात. दहाला शटर उघडलं की वॉचमन ओळीने टोकनं काढून हातात देतो. लॉगमध्ये ४० सेकंदांत दहा-बारा ISSUE दिसतात, ती हीच माणसं. फाईलप्रमाणे त्यांची प्रतीक्षा दहा वाजता सुरू होते. म्हणून दहाच्या तासाच्या आकड्याखाली मी एक ओळ हाताने लिहितो: शटर उघडताना बाहेर किती जण होते, वॉचमनने मोजलेले.